अर्धा, पाऊण की एक इंच? कौलारू घराच्या नव्या बाथरूमची पाण्याची लाइन

प्रश्न: आमचं गुहागरजवळ जुनं कौलारू घर आहे. मागच्या पडवीला लागून नवीन बाथरूम बांधतोय. शॉवर, बेसिन, कमोड आणि आतच गीझर. टाकी ५०० लिटरची, जुन्या बाथरूमच्या स्लॅबवर चिऱ्यांच्या ओट्यावर आहे. तिचा तळ नव्या बाथरूमच्या फरशीपासून १२ फूट उंच येतो आणि पाइपाची लांबी साधारण ५० फूट होईल. पंप नाही. प्लंबर म्हणतो अर्धा इंच पुरे, कारण नळ अर्ध्याचेच असतात. दुकानदार म्हणतो एक इंच टाका. शेजारचे काका म्हणतात, पाइप जाडा घेतला की प्रेशर पडतं. नक्की कुणाचं ऐकू?

उत्तर:

दुकानदाराचं ऐका, पण पूर्ण नको. टाकीपासून बाथरूमच्या भिंतीपर्यंत एक इंच, बाथरूमच्या आत पाऊण इंच, आणि अर्धा इंच फक्त शेवटच्या काही फुटांत, जिथे नळ आणि शॉवर बसतात तिथे. असं का, ते समजून घ्या. उद्या तुमची लांबी ५० ऐवजी ८० फूट निघाली किंवा टाकी हलली, तर तुम्हाला परत कुणाला विचारायला लागू नये.

आधी काकांचा मुद्दा, कारण तो जवळपास प्रत्येक घरात निघतो. बागेत पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब उडतं, त्यावरून पाइप बारीक तर जोर जास्त असं मनात बसतं. तिथे घडतं ते वेगळंच. अंगठ्याने तोंड आवळल्यावर नळीतून वाहणारं पाणी कमी होतं. पाणी कमी वाहिल्यामुळे नळीच्या लांबीत वाया जाणारा दाब वाचतो आणि तो तोंडाशी येऊन वेग देतो. शॉवरची जाळी हेच काम करते, ती म्हणजे अंगठा. पण अंगठा शेवटाला लागतो. सगळी ५० फूट नळीच बारीक केली तर दाब वाटेतच संपतो आणि तोंडाशी उडवायला काही उरत नाही.

आता दाब म्हणजे काय ते. पंप नसलेल्या घरात दाब म्हणजे फक्त उंची. टाकीतल्या पाण्याची पातळी तुमच्या शॉवरपेक्षा किती फूट वर आहे, तेवढाच दाब. १० मीटर म्हणजे साधारण ३३ फूट उंचीला एक किलोचा दाब मिळतो, ज्याला दुकानात एक बार म्हणतात. तुमच्याकडे टाकीचा तळ १२ फुटांवर आणि शॉवर साडेसहा फुटांवर धरला, तर हातात उरतात साडेपाच फूट. बारमध्ये सांगायचं तर ०.१६ च्या आसपास. शॉवरच्या खोक्यावर ०.५ बार किंवा १ बार लिहिलेलं असतं, त्याच्यापुढे ही रक्कम किती छोटी आहे ते बघा. टाकी काठोकाठ भरली की तीनेक फूट जास्त मिळतात, म्हणून सकाळी पहिल्या माणसाला शॉवर बरा लागतो आणि शेवटचा माणूस कुरकुरतो. हिशोब नेहमी त्या शेवटच्या माणसासाठी करायचा, म्हणजे टाकीच्या तळापासून.

तुमचा प्लंबर खोटं बोलत नाही. आपल्याकडचे बरेच कारागीर मुंबईत काम शिकून आलेले असतात. तिथे चार मजली इमारतीत टाकी गच्चीवर आणि बाथरूम पहिल्या मजल्यावर. शॉवरच्या डोक्यावर ३० फूट उंची असते. त्यातले सात-आठ फूट अर्ध्या इंचाच्या पाइपाने खाल्ले तरी कुणाला पत्ता लागत नाही. कोकणातल्या एकमजली घरात कौलांवर टाकी बसत नाही, ती बाजूच्या छोट्या स्लॅबवर किंवा लोखंडी स्टँडवर बसते. तिथे तेच सात-आठ फूट गेले तर मुद्दलच संपलं. मी स्वतः तोच धडा दापोलीच्या बाजूला एका होमस्टेच्या कामात शिकलो. तीन खोल्यांना एकाच अर्ध्या इंचाच्या लाइनने पाणी दिलं आणि हंगामाच्या पहिल्याच शनिवारी मालकाचा फोन आला, की एक पाहुणा अंगाला साबण लावून उभा आहे आणि शॉवर थांबलाय, कारण शेजारच्या खोलीत कुणीतरी फ्लश केला. फरशी बसवून झाली होती. नवी लाइन भिंतीच्या बाहेरून, स्वखर्चाने टाकून दिली.

पाण्याला पाइपातून जाताना घर्षण होतं आणि त्यात उंची खर्च होते. हा खर्च तीन गोष्टींवर ठरतो. लांबी दुप्पट झाली तर खर्च दुप्पट, हे सोपं आहे. पाणी दुप्पट वाहायला लागलं तर मात्र खर्च दुप्पट होत नाही, तो साडेतीनपटीच्याही थोडा वर जातो. एक नळ चालू असताना ठीक वाटणारी लाइन दुसरा नळ उघडताच का कोसळते, ते इथे आहे. तिसरी गोष्ट आतला व्यास, आणि सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. व्यास दुप्पट केला तर तेवढंच पाणी न्यायला खर्च जवळजवळ तिसाव्या हिश्श्यावर येतो.

हे आकड्यात बघू. सीपीव्हीसी पाइपावर जे माप छापलेलं असतं तो आतला व्यास नसतो. जाड भिंतीच्या, म्हणजे एसडीआर ११ च्या पाइपात अर्ध्या इंचाचा आतला व्यास जेमतेम १२ मि.मी. असतो, पाऊण इंचाचा १८ आणि एक इंचाचा २३. मिनिटाला १० लिटर पाणी न्यायचं असेल तर दर १० फूट लांबीला अर्ध्या इंचात सुमारे २ फूट उंची खर्च होते. पाऊण इंचात तेच काम ४ इंचात होतं. एक इंचात इंचभराच्या थोडं वर. आता मिनिटाला २० लिटर करा: अर्ध्या इंचात साडेसात फूट, पाऊण इंचात १४ इंच, एक इंचात ४ इंच. दर दहा फुटांना, हं. हे आकडे नव्या, स्वच्छ पाइपाचे आहेत आणि थोडे इकडेतिकडे होतील, पण निवड करायला एवढे पुरतात.

तुमच्या घराचा हिशोब आता कागदावर मांडू.

पाणी किती लागेल? साध्या शॉवरला मिनिटाला ८ लिटर मिळाले की आंघोळ नीट होते. फ्लशची टाकी भरताना मिनिटाला ६-७ लिटर ओढते. बेसिनचा नळ थोडा वेळच चालतो, तो सोडून देऊ. म्हणजे एकाच वेळी १५ लिटर धरा. दोन बाथरूम एका लाइनवर असती तर हा आकडा वाढवला असता, पण सगळ्या नळांची बेरीज करायची नसते. एकाच वेळी खरोखर काय काय उघडं असेल तेवढंच धरायचं.

लांबी किती? पाइप ५० फूट, पण एल्बो, टी आणि व्हॉल्व्ह हेही पाणी अडवतात. ढोबळ हिशोबाला एक एल्बो म्हणजे दोन-अडीच फूट सरळ पाइप समजा. आठ एल्बो आले तर वीस फुटांची भर पडली. पूर्ण भोकाचा बॉल व्हॉल्व्ह जवळजवळ काहीच खात नाही. पण फिरवून दाबून बंद होणारा जुन्या पद्धतीचा स्टॉप कॉक एकटाच पंधरा-वीस फूट पाइपाइतका खातो, त्यामुळे तो या लाइनवर नकोच. एकूण ७० फूट धरू.

शॉवरच्या जाळीला स्वतःला किती उंची हवी? नेहमीच्या साध्या, मोठ्या भोकांच्या जाळीतून ८ लिटर पडायला ३ फूट हवेत. साडेपाचातून ३ गेले, वाटेत खर्चायला अडीच फूट राहिले. त्यातला सव्वा फूट बाथरूमच्या आतल्या पाऊण इंचात आणि मिक्सरपासून शॉवरपर्यंतच्या अर्ध्या इंचाच्या तुकड्यात जाईल. मुख्य लाइनला उरला सव्वा फूट.

आता १५ लिटर आणि ७० फूट. अर्धा इंच घेतला तर खर्च ३१ फूट. हा आकडा म्हणजे थट्टाच, कारण आपल्याकडे सगळे मिळून साडेपाच आहेत. पाऊण इंचात ४.७ फूट. एक इंचात १.४ फूट. म्हणजे एक इंच अगदी जेमतेम बसतो, दोन इंच उंची कमी पडते, ती पाण्याचा प्रवाह किंचित कमी होऊन भरून निघते. सव्वा इंच घेतला तर खर्च अर्ध्या फुटावर येतो, पण तुमच्या घराला तेवढी गरज मला वाटत नाही. लांबी ८०-९० फूट असती किंवा पुढे त्याच लाइनवर दुसरं बाथरूम जोडायचं असतं, तर मी सव्वाच सांगितला असता.

खर्च उंचीपेक्षा जास्त निघाला म्हणजे पाणी येणारच नाही असं नाही. पाणी आपोआप कमी होत जातं आणि खर्च जिथे उंचीशी जुळतो तिथे थांबतं. तुमच्या लाइनसाठी तो जुळणीचा आकडा काढला तर असं दिसतं. अर्ध्या इंचात नुसता शॉवर चालू असेल तर मिनिटाला सुमारे ५ लिटर मिळतील, म्हणजे २० लिटरची बादली चार मिनिटांत. फ्लशची टाकी भरायला लागली की शॉवर जवळजवळ बंद, कारण फ्लशची टाकी खाली आहे आणि तिला जास्त उंची मिळते, ती पाणी ओढून घेते. पाऊण इंचात नुसता शॉवर ८ च्या आसपास देईल आणि फ्लश भरताना ६ वर येईल. एक इंचात नुसता शॉवर साडेआठ-पावणेनऊ आणि फ्लश भरताना ८. बघा, एकटा माणूस राहत असेल तर पाऊण आणि एक यात फारसा फरक कळणार नाही. फरक कळतो तो दुसरा नळ उघडल्यावर. गणपतीत किंवा मे महिन्यात चाकरमानी आले की घरात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

प्लंबरचा तो युक्तिवाद अजून शिल्लक आहे: नळ अर्ध्याचेच, मग मागे जाड पाइप कशाला? उत्तर लांबीत आहे. अर्ध्या इंचाचा एक फूट तुकडा ८ लिटर वाहताना दीड-पावणेदोन इंच खातो. सात फूट तुकडा एक फूट खातो. हे परवडतं. तोच पाइप सत्तर फूट असला की परवडत नाही. शेवटी एक बारीक तुकडा आला म्हणून सगळी लाइन बारीक झाली, असं होत नाही. ज्याची लांबी जास्त त्याचाच खर्च जास्त, म्हणून पैसे लांब तुकड्यावर घालायचे. आखूड तुकडा अर्ध्याचाच राहू दे, उगाच मिक्सरला रिड्यूसर लावत बसायला नको.

पटत नसेल तर घरातच बघता येतं, आणि मला हा प्रयोग फार आवडतो. गवंड्याकडची पाणसळीची पारदर्शक नळी मागून घ्या. जुन्या बाथरूममध्ये बेसिनखालच्या अँगल कॉकची जोडनळी काढा, तिथे पाणसळीची नळी घट्ट बसवा आणि तिचं दुसरं टोक भिंतीला टेकवून टाकीच्या पातळीपेक्षा वर धरा. त्यासाठी शिडी लागेल. घरातले सगळे नळ बंद करून अँगल कॉक उघडा. नळीत पाणी चढत जाऊन बरोबर टाकीतल्या पाण्याच्या पातळीला थांबेल, पाइप अर्ध्याचा असो की दोन इंचाचा. तिथे पेन्सिलने खूण करा. आता शॉवर सोडा. नळीतलं पाणी खाली उतरून नव्या जागी थांबेल. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे टाकीपासून तिथपर्यंत वाटेत खर्च झालेली उंची, फुटपट्टीने मोजा. फ्लशही सोडा, पाणी आणखी किती उतरतं ते बघा. दाब घटतो म्हणजे काय, ते डोळ्यांनी दिसतं आणि काकांनाही दाखवता येतं.

ही नळी आणखी एक दुखणं पकडून देते. सगळे नळ बंद असूनही पाणी टाकीच्या पातळीपर्यंत चढलं नाही, मध्येच थांबलं, तर पाइपात हवा अडकलेली आहे. आपल्या घरांत हे फार होतं, कारण टाकीपासून निघालेला पाइप कुणीतरी दाराच्या चौकटीवरून चढवतो, पुन्हा उतरवतो, पडवीच्या वाशाखालून परत वर नेतो. असा वर गेलेला प्रत्येक कुबड हवा धरून ठेवतो. टाकी रिकामी होऊन परत भरली की खालचा नळ भुरभुर करत चालू होतो पण शॉवर येतच नाही. इथे पाइप जाडा करून काही मिळत नाही. टाकीतून बाहेर पडला की पाइप सरळ खाली आणायचा, जमिनीलगत किंवा मातीखालून न्यायचा आणि बाथरूमपाशीच वर चढवायचा. वाटेत चढ टाळताच येत नसेल तर त्या सगळ्यात उंच जागी टी टाकून हवेचा उभा पाइप काढायचा आणि त्याचं उघडं तोंड टाकीच्या काठाच्या वर न्यायचं. टाकीच्या व्हॉल्व्हनंतर लगेच असा एक पाइप मी तरी नेहमी ठेवतो.

आता करताना सांभाळायच्या गोष्टी.

नव्या बाथरूमची लाइन टाकीला स्वतंत्र भोक पाडून काढा. स्वयंपाकघर आणि जुनं बाथरूम ज्या नळावरून चालतं त्यालाच टी मारली, तर वरचा सगळा हिशोब वाया गेला, कारण पहिल्या काही फुटांत तिन्ही ठिकाणचं पाणी एकत्र वाहील. भोक एक इंचाचं, पाठोपाठ एक इंचाचा पूर्ण भोकाचा बॉल व्हॉल्व्ह. भोक तळापासून दोन-तीन इंच वर असू दे. विहिरीचं पाणी पावसाळ्यात गढूळ येतं, तो गाळ तळाला बसू दे, लाइनमध्ये नको.

दुकानात मागताना साहित्याचं नाव घेऊन मागा. सीपीव्हीसीचा एक इंच आतून २३ मि.मी., तर जुन्या जीआयचा एक इंच आतून २७ च्या आसपास. बागेत आपण वापरतो त्या काळ्या एचडीपीई गुंडाळीवर ३२ लिहिलेलं असतं, पण ते बाहेरचं माप आहे, आतून ती साधारण एक इंचच असते. मातीखालच्या ५० फुटांना ही गुंडाळी चालते, सांधेही कमी येतात. फक्त तिच्या आत घुसणारी जोडणी वापरू नका, ती तोंडाशी भोक बारीक करते. बाहेरून आवळणारी घ्या. गरम पाण्याला मात्र ती नको.

जीआय पुन्हा बसवायचा विचार असेल तर सोडून द्या. खारी हवा बाहेरून खाते, आणि बोअरच्या पाण्यात लोह असलं की आतून तांबडा थर चढतो. अर्ध्या इंचाच्या जीआयचा आतला व्यास १६ मि.मी. असतो. सगळीकडून २ मि.मी. थर बसला की १२ राहिला आणि खर्च चौपट झाला. जुन्या बाथरूमचा शॉवर वर्षागणिक मंदावत गेला असेल तर आधी तिथलाच एक तुकडा कापून आत बघा.

मिक्सर निवडताना दिसण्यावर जाऊ नका. एका दांडीने गरम-गार होणारे मिक्सर आतून अरुंद वाटांचे असतात आणि पुरेशा दाबाची अपेक्षा ठेवतात. साडेपाच फुटांवर ते रडतात. दोन चाव्यांचा साधा मिक्सर घ्या. बारीक भोकांचा किंवा पावसासारखा मोठा तबकडीवाला शॉवर नको. हातशॉवरची लवचीक नळी बारीक असते, तीही बरंच खाते. गॅसचा गीझर घेणार असाल तर त्याला लागणारा किमान दाब खोक्यावर वाचा, कारण एवढ्या कमी दाबावर बरेच गॅस गीझर पेटतच नाहीत. साठवणीचा विजेचा गीझर चालतो. त्याच्या थंड पाण्याच्या तोंडाला स्प्रिंगवाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावला तर स्प्रिंग ढकलायलाच थोडी उंची जाते. कंपनीचा स्वतःचा सुरक्षा व्हॉल्व्ह मात्र काढून टाकू नका.

गरम पाण्याच्या लाइनला जाडीचा नियम उलटा लागू शकतो. तुमचा गीझर आतच आहे म्हणून अडचण नाही, पण उद्या सोलर हीटर टाकीशेजारी बसवून गरम पाणी ५० फूट आणलंत, तर एक इंचाच्या पाइपात सहा लिटरहून जास्त पाणी गार होऊन पडलेलं असतं. ते आधी सोडून द्यावं लागतं. पाऊण इंचात तेच चार लिटर. तिथे मी पाऊण घेतो आणि शॉवरला गरम पाणी जरा कमी मिळणं चालवून घेतो, कारण गार पाणी जाड लाइनने भरपूर येतच असतं. मग मिक्सरवर गारची चावी थोडी आवळून ठेवावी लागते, एवढंच.

जाड पाइप कुठे हात टेकतो तेही सांगतो. टाकीचा तळ शॉवरच्या जेमतेम दीड-दोन फूट वर असेल, तर दोन इंचाचा पाइप टाकूनही शॉवर मिळणार नाही. पाइप उंची वाचवतो, निर्माण करत नाही. तिथे टाकी उचला नाहीतर छोटा बूस्टर पंप बसवा. टाकी तीन फूट उचलली तर तुमचे साडेपाच फूट साडेआठ होतात आणि मग पाऊण इंचसुद्धा चालून जातो. पण भरलेली टाकी ५०० किलोच्या वर असते. जुन्या स्लॅबवर चिऱ्यांचा ओटा वाढवण्यापूर्वी खाली भिंत कुठून जाते ते बघा आणि ओटा भिंतीच्या डोक्यावरच घ्या. टाकी बांधूनही ठेवा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रिकाम्या टाक्या शेजारच्या आगरात, माडांच्या मुळाशी पडलेल्या मी बघितल्यात.

बूस्टर पंप बसवलात तर सगळं गणित सैल होतं. दीड किलोचा पंप म्हणजे जवळपास ५० फूट उंची. त्यातले ४.७ फूट पाऊण इंचाने खाल्ले तर खाऊ देत. म्हणूनच पंपावर चालणाऱ्या घरातलं बघून आपल्या घराला पाइप निवडू नये. आमच्याकडे पावसाळ्यात चार-चार तास वीज जाते आणि तेव्हा आंघोळ पंपाविना टाकीच्या उंचीवरच होते, म्हणून पंप असला तरी मी मुख्य लाइन एक इंचच टाकतो.

आणि लाइन टाकून झाली की चिऱ्यात खोदलेली खाच लगेच बुजवू देऊ नका. चिरा खोदायला सोपा, पण परत फोडताना पाइपाभोवतीचा भाग ढासळतो. टाकी पाव भरलेली असताना शॉवरखाली २० लिटरची बादली ठेवा आणि घड्याळ लावा. अडीच मिनिटांच्या आत भरली तर लाइन बरोबर आहे. मग फ्लश सोडून पुन्हा मोजा. दुसऱ्या वेळी पंधरा-वीस सेकंद जास्त लागले तर हरकत नाही. मिनिटभर जास्त लागलं, तर कुठेतरी व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे, सोल्यूशनचा गोळा आत जमलाय किंवा एखादा तुकडा पाऊण इंचाचा लागलाय. प्लंबर निघायच्या आत तो शोधायला लावा.